मतदार यादीतल्या नोंदीवरून आपलं मतदान केंद्र कसं ओळखायचं आणि जागा कशी पक्की करायची

मतदानाच्या दिवशी चुकीच्या गावात सहसा कुणी जात नाही. चुकतं ते शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर. जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत तीन-चार खोल्यांत तीन-चार केंद्रं असतात, प्रत्येकीपुढे रांग असते, आणि ओळखीचे चेहरे दिसले की माणूस त्याच रांगेत जाऊन उभा राहतो. तासाभराने दारात पोचल्यावर आतले कर्मचारी यादी चाळतात आणि म्हणतात, "तुमचं नाव इथं नाही, बाजूच्या खोलीत बघा." मग पुन्हा दुसऱ्या रांगेच्या शेपटाशी. मी शिक्षक, त्यामुळे बीएलओचं, म्हणजे एकेका केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम बरीच वर्षं माझ्या वाट्याला आलं. ही फजिती होणाऱ्यांत नवखेच जास्त असतात. कुणी पहिल्यांदा मतदान करणारं पोरगं, कुणी लग्न होऊन गावात आलेली सून, तर कुणी पुण्याला किंवा वाळूजला नोकरी करणारा, ज्याचं नाव अजून गावाकडच्या यादीत आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी भाग क्रमांक, बाकी सगळं नंतर

मराठवाड्यात विधानसभेचे ४६ मतदारसंघ आहेत. एका मतदारसंघाची यादी सलग एकच नसते. ती शेकडो तुकड्यांत विभागलेली असते, आणि त्या एकेका तुकड्याला 'यादी भाग' म्हणतात. प्रत्येक यादी भागाला क्रमांक असतो. साधारण नियम असा, की एक यादी भाग म्हणजे एक मतदान केंद्र. तुमचं नाव ज्या भागात, त्याच भागाच्या केंद्रावर तुमचं मत. घराजवळ दुसरी शाळा असली, शेजारी तिसरीकडे जात असले, तरी त्याने काही फरक पडत नाही. केंद्र मतदाराला निवडता येत नाही.

म्हणून तीन आकडे शोधायचे आणि लिहून ठेवायचे. पहिला विधानसभा मतदारसंघाचा, दुसरा यादी भागाचा, तिसरा त्या भागातला तुमचा अनुक्रमांक. उदाहरणार्थ, १०३ भोकरदन, भाग ११८, अनुक्रमांक ४१२. भागावरून केंद्र कळतं, आणि केंद्रात गेल्यावर अनुक्रमांकावरून तुमची नोंद चटकन सापडते.

ओळखपत्रावरचा क्रमांक ह्या तिन्हींपेक्षा वेगळा. तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे, ही तुमची ओळख. त्यात केंद्राचा काही पत्ता नसतो. बऱ्याच कार्डांच्या पाठीवर मतदारसंघ आणि भाग क्रमांकही छापलेला असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तो भाग क्रमांक कार्ड छापलं त्या वेळचा. त्यानंतर केंद्रांची फेररचना झाली असेल, तर कार्ड तेच राहतं आणि भाग बदलतो. कार्ड जवळ असलं म्हणजे यादीत नाव आहेच असं नाही, हेही कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं, पण ती बारीक ओळ वाचतो कोण? दहा वर्षांपूर्वीच्या कार्डावर भाग ९७ आहे म्हणून ९७ च्या रांगेत उभं राहायचं नाही. चालू यादी काय म्हणते ते बघायचं.

मतदारसंघाच्या नावांनीही नवखा माणूस गोंधळतो. जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, तरी २०२४ च्या विधानसभेला मतदारसंघांची नावं औरंगाबाद मध्य, औरंगाबाद पश्चिम, औरंगाबाद पूर्व अशीच होती. धाराशिवचंही तसंच, मतदारसंघ उस्मानाबाद. लोकसभेचा हिशोब आणखी निराळा. फुलंब्री, सिल्लोड आणि पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, पण लोकसभेला जालन्यात मोडतात. लोहा नांदेड जिल्ह्यात आहे, पण लोकसभेला लातूरमध्ये. औसा लातूर जिल्ह्यात आहे, पण लोकसभेला उस्मानाबादमध्ये. यादीवर 'जालना लोकसभा' दिसलं म्हणून आपलं नाव दुसऱ्या जिल्ह्यात गेलं असं समजून घाबरू नका.

नोंद शोधायची कुठं

सोपा रस्ता म्हणजे निवडणूक आयोगाचं शोधाचं पान:

```
electoralsearch.eci.gov.in
```

इथं तीन प्रकारे शोधता येतं. ओळखपत्राचा क्रमांक हाताशी असेल तर तोच टाका, कारण त्यात नावाच्या स्पेलिंगचा प्रश्न येत नाही. क्रमांक नसेल तर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, जिल्हा अशी माहिती भरून शोधता येतं. तिसरा प्रकार मोबाइल क्रमांकाचा, पण तो नोंदीला जोडलेला असेल तरच चालतो. तपशिलाने शोधताना नाव सापडलं नाही की लोक लगेच "नाव कापलं" म्हणतात. तसं बहुतेक वेळा नसतं. 'ज्ञानेश्वर' हे इंग्रजीत 'Dnyaneshwar' असेल, 'Gyaneshwar' असेल, किंवा संगणकावर टंकणाऱ्याने तिसरंच काही केलं असेल. वय एक-दोन वर्षं पुढं-मागं करून बघा, वडिलांचं नाव अर्धंच टाकून बघा, आणि लग्न झालेल्या बाईचं नाव माहेरच्या आडनावानेही शोधा.

नोंद सापडली की एका ओळीत जिल्हा, मतदारसंघ, भाग, केंद्र आणि अनुक्रमांक येतो. तिथंच थांबू नका. शेजारचं `View Details` दाबा. आत केंद्राचं नाव जास्त तपशिलाने येतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, पण त्यावरच विसंबू नका, आकडे कागदावरही उतरवा. मतदान केंद्रात मोबाइल नेऊ देत नाहीत, आणि ऐन वेळी चित्र फोनमध्ये अन् फोन बाहेर गाडीच्या डिकीत अशी गत होते.

इंटरनेट जमत नसेल तर १९५० हा मतदारांसाठीचा फोन क्रमांक आहे. मोबाइलवरून लावताना आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड लावायचा: छत्रपती संभाजीनगरला ०२४०, जालन्याला ०२४८२, परभणीला ०२४५२, हिंगोलीला ०२४५६, नांदेडला ०२४६२, लातूरला ०२३८२, धाराशिवला ०२४७२, बीडला ०२४४२. ओळखपत्राचा क्रमांक सांगितला की ते नोंद शोधून देतात.

यादीचं पहिलं पान

खरी माहिती यादीच्या पीडीएफमध्ये असते, आणि ती फार थोडे लोक उघडतात. `voters.eci.gov.in` वर `Download Electoral Roll` मध्ये राज्य, जिल्हा, मतदारसंघ आणि भाषा निवडली की भागांची यादी येते. आपला भाग निवडून ती फाइल उतरवायची. ह्या फाइली चित्रासारख्या असतात, त्यामुळे आत नाव टाइप करून शोधता येत नाही. म्हणूनच आधी शोधाच्या पानावरून अनुक्रमांक घ्यायचा. एका पानावर साधारण तीस नोंदी असतात, त्यामुळे ४१२ क्रमांक यादीच्या चौदाव्या पानाच्या आसपास येईल एवढा अंदाज बांधता येतो. सुरुवातीची माहितीची पानं त्यात वेगळी धरायची.

पण नावाआधी पहिलं पान वाचा. वर मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव, बाजूला भाग क्रमांक. मग भागात कोणकोणते 'विभाग' येतात त्याची यादी: एखादी गल्ली, वॉर्ड, वाडी, तांडा, वस्ती. त्याखाली मुख्य गाव, पोलीस ठाणं, तालुका, जिल्हा, पिनकोड. आणि त्याच पानावर आपल्याला हवी ती चौकट: मतदान केंद्राचा क्रमांक, नाव आणि पत्ता, आणि सहाय्यकारी केंद्र असेल तर त्याची संख्या. तळाशी अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत, आणि पुरुष, स्त्री व एकूण मतदार. पुढच्या पानावर बऱ्याचदा केंद्राच्या इमारतीचा फोटो आणि नजरी नकाशा दिलेला असतो.

केंद्राचं नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं. लोक 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' एवढं वाचून थांबतात, आणि कामाचा भाग त्याच्या पुढे असतो: 'पूर्वेकडील इमारत, खोली क्र. २', किंवा 'उत्तर बाजू', किंवा 'नवीन इमारत'. एकाच आवारात जि. प. प्रशाला, प्राथमिक शाळा, कन्या शाळा आणि उर्दू माध्यमाची शाळा असू शकते. यादीत 'कन्या शाळा' लिहिलं असेल तर ती कन्या शाळाच, भले दोन्ही शाळांचं मैदान एक असो. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' हेही नजरेतून सुटतं. मराठवाड्यात पिंपळगाव, पिंपरी, बोरगाव किती आहेत ते सांगायला नको, त्यामुळे गावाच्या नावाबरोबर तालुकाही ताडून बघा.

किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ नंतर, लातूर-धाराशिवच्या पट्ट्यातल्या कित्येक गावांचं पुनर्वसन झालं. तिथं जुनं गावठाण आणि नवं गाव अशी दोन ठिकाणं एकाच नावाने ओळखली जातात. जायकवाडीच्या धरणक्षेत्रातल्या पुनर्वसित गावांचंही तसंच. अशा गावात यादीवर शाळेचं नाव असलं, तरी शाळा कोणत्या वस्तीतली हे एकदा विचारून घेतलेलं बरं.

विभागावरून स्वतःची नोंद तपासायची

तुमची नोंद एका छोट्या चौकटीत असते. कोपऱ्यात अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. वेबवर ठेवलेल्या यादीत फोटो नसतो, नुसती फोटोची जागा दिसते. गावाकडे घर क्रमांकाची जागा कित्येकदा रिकामी, नाहीतर कुणालाच न कळणारी असते. म्हणून घराऐवजी त्या पानाच्या वरचं विभागाचं नाव बघा. तुम्ही तांड्यावर राहता आणि विभागात गावठाण लिहिलंय, तर नोंद चुकीच्या विभागात पडलीय. त्याने मत जात नाही. त्या भागाच्या केंद्रावर ते देता येतंच. पण घरातली माणसं दोन केंद्रांत का विभागली जातात, त्याचं हे एक मोठं कारण.

चौकटीवर आडवा 'DELETED' शिक्का दिसला तर नोंद वगळलेली आहे. अशा नोंदीच्या अनुक्रमांकावर विसंबून केंद्रात जाऊ नका, आधी तहसीलच्या निवडणूक शाखेत विचारा. यादीच्या शेवटी पुरवणीही असते. नव्याने नाव आलेले मतदार बहुधा तिथं सापडतात, त्यामुळे सासऱ्यांचा अनुक्रमांक ४१० आणि सुनेचा ८८७ असं होतं. पुढच्या पुनरीक्षणात पुरवणी मुख्य यादीत मिसळली की अनुक्रमांक बदलू शकतो. मागच्या निवडणुकीची चिठ्ठी जपून ठेवली असेल, तर तिचा उपयोग आठवणीपुरता.

एक उदाहरण, आकड्यांसकट

आकडे उदाहरणापुरते आहेत, पण असा प्रकार घडताना मी पाहिलाय. समजा, भोकरदन तालुक्यातल्या एका गावचा मुलगा वाळूजला कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं, बायकोचं नाव फॉर्म ६ भरून गावाच्या यादीत घातलं. मतदानाला दोघं मिळून गावी येणार.

ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधल्यावर त्याची नोंद येते भाग ११८, अनुक्रमांक ४१२. तिची येते भाग ११९, अनुक्रमांक ८८७. दोघांच्याही पुढे केंद्र 'जि. प. प्राथमिक शाळा', एकच गाव, एकच पिनकोड. इथं बहुतेक लोक म्हणतात, चला, एकाच शाळेत आहे, जाऊ सोबत. पण भाग दोन म्हणजे खोल्या दोन. दोघांच्या भागांची पहिली पानं उघडल्यावर ते दिसतं. ११८ चं केंद्र 'पूर्वेकडील इमारत, खोली क्र. २' आणि ११९ चं 'पश्चिमेकडील इमारत, खोली क्र. १'.

ती ११९ मध्ये कशी गेली? विभाग बघायचे. ११८ मध्ये 'मारुती गल्ली' आणि 'बाजारतळ' आहे, ११९ मध्ये 'तांडा' आणि 'शिवाजी नगर'. घर मारुती गल्लीत, पण फॉर्म भरताना पत्त्यात नुसतं गावाचं नाव टाकलं होतं. गल्ली नाही, घर क्रमांक नाही. मग नोंद जिथं बसली तिथं बसली. हे दुरुस्त करायचं असेल तर फॉर्म ८. पण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली, की त्या निवडणुकीपुरती यादी बदलत नाही. आपल्या फॉर्मवर हरकती मागवायलाही मुदत लागते, त्यामुळे फॉर्म त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी गेलेला बरा. ह्या वेळी तारीख उलटलेली, म्हणून बायको ११९ मध्येच मत देणार आणि दुरुस्ती नंतर होणार.

आता इमारत. मोबाइलच्या नकाशावर शाळेचं नाव टाकलं तर ठिपका पडतो गावाबाहेर तांड्याच्या रस्त्यावर, कारण तिथंही जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. आयोगाच्या पानावरचा ठिपका गावाच्या मध्यावर पडतो, ग्रामपंचायतीशी. दोघांत अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा फरक. कुठला खरा, हे नकाशा सांगू शकत नाही.

त्याने बीएलओंना फोन केला. गावातल्या शाळेतल्याच बाई. त्यांनी सांगितलं, की केंद्र गावातल्या मोठ्या शाळेत आहे, तांड्यावर नाही. पण पूर्वेकडची इमारत निझामकालीन, छत धोकादायक म्हणून ती बंद आहे. त्यामुळे ११८ चं केंद्र त्याच आवारात पाठीमागच्या नव्या इमारतीत हलवलंय, तळमजला, जिन्याशेजारची खोली. तशी दवंडीही झाली, पण दवंडी काही वाळूजपर्यंत ऐकू जात नाही. यादीच्या जुन्या पानावर अजून 'पूर्वेकडील इमारत' हेच होतं.

जागा पक्की करायची तर माणसाला विचारा

यादीतलं वर्णन आणि जमिनीवरची जागा यांत फरक पडायची कारणं ठरावीक आहेत. इमारत पाडली किंवा धोकादायक ठरली. शाळेला नवी खोली झाली. 'पूर्व-पश्चिम' लिहिणाऱ्याने आवाराच्या दारातून दिशा धरली आणि वाचणारा रस्त्यावरून धरतोय. किंवा मतदार वाढले आणि भाग फोडला. २०२४ पर्यंत एका केंद्राला साधारण १,५०० मतदारांची मर्यादा होती. २०२५ मध्ये आयोगाने ती १,२०० वर आणायचं ठरवलं आणि बिहारपासून सुरुवात केली. ही मर्यादा लागू होते तिथं मोठे भाग फुटतात, नवे क्रमांक येतात आणि पाठीमागच्या भागांचे क्रमांक पुढे सरकतात. कधी कधी भाग न फोडता सहाय्यकारी केंद्र करतात. मग अमुक अनुक्रमांकापर्यंतचे मतदार मूळ केंद्रात, पुढचे सहाय्यकारीत. अशा ठिकाणी भाग क्रमांक माहीत असूनही भागत नाही, अनुक्रमांकही लागतो.

म्हणून शेवटचा पडताळा बीएलओकडून घ्यायचा. `voters.eci.gov.in` वर `Know Your Polling Station & Officer` मध्ये ओळखपत्राचा क्रमांक टाकला की केंद्राचं नाव आणि बीएलओचं नाव, फोन मिळतो. बीएलओ म्हणजे बहुधा गावातले गुरुजी, अंगणवाडी सेविका, नाहीतर ग्रामपंचायतीचं कुणी. शिकवण्याच्या वेळेत फोन उचलतील अशी अपेक्षा ठेवू नका, संध्याकाळी करा. आणि नुसतं "आमचं बूथ कुठंय?" विचारू नका. त्यांच्याकडे त्या दिवसांत असे ढीगभर फोन येतात. असं विचारा:

"सर, भाग ११८, अनुक्रमांक ४१२. केंद्र ह्या वेळी कोणत्या इमारतीत आणि कोणत्या खोलीत आहे? मागच्या वेळेपेक्षा बदललंय का? सहाय्यकारी केंद्र केलंय का?"

ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बीएलओला पाठ असतात. फोन लागत नसेल तर तहसील कार्यालयातली निवडणूक शाखा. तिथं नायब तहसीलदारांच्या टेबलाशी मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांची यादी असते, भाग क्रमांक सांगितला की दाखवतात.

मतदानाआधी बीएलओ घरोघरी मतदार माहिती चिठ्ठी वाटतात. तिच्यावर भाग, अनुक्रमांक, केंद्राचं नाव, तारीख आणि वेळ असते. ताजी छापलेली असल्यामुळे ती सगळ्यांत भरवशाची. फक्त ती ओळखपत्र म्हणून चालत नाही, २०१९ पासून आयोगाने ते बंद केलं. मतदार ओळखपत्र किंवा आयोगाने मान्य केलेलं आधारसारखं दुसरं कागदपत्र सोबत लागतंच. घराला कुलूप असेल तर चिठ्ठी बीएलओकडे राहते, शहरात राहणाऱ्याने ती शेजाऱ्यांकडे द्यायला सांगून ठेवावं. पक्षाचे कार्यकर्ते वाटतात त्या चिठ्ठ्याही असतात. त्या चुकीच्याच असतात असं नाही, पण मागच्या यादीवरून छापलेल्या निघाल्या तर त्यातला अनुक्रमांक फसवतो. माझं मत विचाराल तर त्यांच्यावरचा भाग क्रमांक एकदा आयोगाच्या पानाशी जुळवा, मगच खिशात ठेवा.

आदल्या दिवशी गावात असाल तर शाळेत एक चक्कर मारा. दुपारनंतर मतदान पथकं साहित्य घेऊन पोचतात आणि खोल्यांवर कागद लागायला सुरुवात होते. भिंतीवर रंगाने लिहिलेला केंद्र क्रमांक मात्र खरा मानू नका. तो दोन निवडणुकांपूर्वीचाही असू शकतो; रंग काढायचं काम कुणाच्याच यादीत नसतं.

त्या दिवशी, फाटकाच्या आत

शिरल्यावर रांगेत लागण्याआधी दारावरचा कागद वाचा. प्रत्येक केंद्राबाहेर केंद्राचा क्रमांक आणि नाव, त्यात कोणता परिसर येतो आणि मतदार किती, हे लावलेलं असतं. क्रमांक जुळत नसेल तर रांग कितीही छोटी असो, पुढे सरका. आवारात मतदार सहाय्यता कक्षही असतो. तिथं बीएलओ नावांच्या अक्षरक्रमाने लावलेली यादी घेऊन बसलेले असतात, त्यामुळे अनुक्रमांक विसरला तरी नावावरून सापडतो. बाहेर रस्त्यावर मांडव टाकून बसलेले पक्षाचे लोकही सांगतात, पण त्यांच्याकडची प्रत कोणती हे तुम्हाला ठाऊक नसतं.

आत पहिला मतदान अधिकारी त्या भागाची चिन्हांकित यादी घेऊन बसलेला असतो. त्याला आधी भाग आणि अनुक्रमांक सांगा, मग ओळखपत्र द्या. त्याच्यासमोर फक्त त्याच्या केंद्राची यादी असते. त्यात तुमचं नाव नसेल, तर कार्ड कितीही खरं असलं तरी तो तुम्हाला मत देऊ देऊ शकत नाही. हुज्जत घालण्याऐवजी सहाय्यता कक्षात जाऊन भाग तपासा. दहापैकी आठ वेळा उत्तर शेजारच्या दारात असतं.

ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषदेला हे जसंच्या तसं लागू नाही

वर सांगितलं ते लोकसभा-विधानसभेचं. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेच्याच यादीवरून तयार होते, पण ती वॉर्ड, प्रभाग किंवा गणानुसार पुन्हा विभागली जाते. त्यात अनुक्रमांक वेगळा पडतो आणि केंद्रही वेगळं असू शकतं. विधानसभेला तुमचं नाव भाग ११८ मध्ये होतं म्हणून ग्रामपंचायतीला त्याच खोलीत जाऊ नका, आणि उलटही नको. ह्या निवडणुकांत `electoralsearch.eci.gov.in` वर दिसणारं केंद्र कामाचं नाही. प्रभागनिहाय अंतिम यादी आणि केंद्रांची यादी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा तहसीलच्या फलकावर लागते, ती बघायची. त्यात तुमचं नाव भलत्याच प्रभागात गेलेलं दिसलं तर हरकत घेण्याची मुदत प्रारूप यादी लागते तेव्हाच असते, म्हणून अंतिम यादीची वाट न बघता प्रारूप यादी लागली की फलकाशी जा.